सापाचें विष आणि औषधाचा खोकला

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एखाद्या गृहस्थास कोरडा खोकला जडतो. घशांत एकसारखी खवखव होते, कफ पडत नाहीं, ताप नसतो, आणि रात्रीं अंथरुणाला पाठ लागली कीं उबळ वाढते. खोकल्याचीं औषधें होतात, काढे होतात, छातीचें चित्र काढलें जातें, आणि त्यांत कांहींच सांपडत नाहीं. महिनेच्या महिने असे जातात. शेवटीं कोणी तरी विचारतें, "रक्तदाबाची गोळी कोणती घेतां?" ती गोळी बदलली जाते आणि तीन-चार आठवड्यांत खोकला नाहींसा होतो. गोळी पोटांत जाते, तिचें काम रक्तवाहिन्यांत चालतें, मग खोकला घशांत कां यावा? या प्रश्नाचें उत्तर ब्राझील देशांतील एका सापाच्या विषांत दडलेलें आहे, आणि तें हळूहळू उलगडण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें.

त्या सापाचें नांव जराराका. आपल्याकडील घोणसाच्या दूरच्या कुळांतला हा विषारी साप आहे. तो चावलेल्या माणसाचा रक्तदाब एकाएकीं घसरतो. साओ पाउलो येथील मौरिसिओ रोशा इ सिल्व्हा यांनीं आपले सहकारी विल्सन बेराल्डो व गास्ताओ रोझेनफेल्ड यांच्यासह या विषाचा अभ्यास चालविला होता. विष कुत्र्याच्या रक्तांत मिसळल्यावर त्या रक्तांत एक नवेंच द्रव्य उत्पन्न होतें असें त्यांस दिसून आलें. हें द्रव्य सापाच्या विषांतलें नव्हे. तें रक्तांतीलच एका प्रथिनापासून विषाच्या योगें सुटें झालेलें होतें. गिनीपिगच्या आंतड्याचा तुकडा त्यांत ठेवला असतां तो सावकाश आकुंचन पावे. ग्रीक भाषेंत 'ब्रॅडि' म्हणजे मंद आणि 'कायनिन' हा शब्द गतिवाचक. म्हणून १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यांनीं त्या द्रव्यास ब्रॅडिकायनिन असें नांव दिलें. नऊ अमिनो आम्लांची ही एक लहानशी सांखळी आहे. परंतु ती रक्तवाहिन्या सैल करते, सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपूं देते आणि मज्जातंतूंचीं टोकें डिवचते. हीं तीन कामें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावीं; कारण रक्तदाब उतरणें, सूज येणें आणि खोकला येणें या पुढील तिन्ही गोष्टी त्यांतूनच निघतात.

इतकें प्रभावी द्रव्य शरीरांत मोकळें फिरत राहिलें तर अनर्थच व्हावयाचा. म्हणून निसर्गानें त्याची विल्हेवाट लावण्याची सोयही करून ठेविली आहे. ब्रॅडिकायनिन रक्तांत थोडे सेकंदच टिकतें. फुप्फुसांतून एकदां रक्त फिरलें कीं त्याचा बहुतेक भाग नष्ट होतो. तें नष्ट करणारें एन्झाइम कोणतें, हा प्रश्न मात्र बराच काळ उघडा राहिला.

दुसरीकडे, अगदीं निराळ्या वाटेनें, रक्तदाब वाढविणाऱ्या द्रव्यांचा शोध चालला होता. १८९८ सालीं स्टॉकहोम येथें टिगरस्टेट आणि बर्गमन यांनीं सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कांत रक्तदाब चढविणारें द्रव्य आहे असें दाखवून त्यास रेनिन म्हटलें. १९३४ सालीं क्लीव्हलंडच्या गोल्डब्लॅट यांनीं कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्यानें आवळून त्याचा रक्तदाब कायमचा वाढवून दाखविला. पुढें त्याच शहरांतील लिओनार्ड स्केग्ज व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं घोड्याच्या रक्तरसांत एक एन्झाइम ओळखलें. रेनिनमुळें अँजिओटेन्सिन नांवाची दहा दुव्यांची जी सांखळी तयार होते ती एकटी दुर्बळ असते. हें एन्झाइम तिच्या शेवटचे दोन दुवे कापून आठ दुव्यांची सांखळी बनवितें, आणि ती मात्र रक्तवाहिन्यांस करकचून आवळते. अशा रीतीनें दुर्बळाचें सबळांत रूपांतर करणारें म्हणून त्यास रूपांतरक एन्झाइम असें नांव पडलें.

या दोन वाटा एकत्र कशा आल्या? १९६५ सालीं ब्राझीलमधील सेर्जिओ फेरेइरा यांनीं जराराकाच्याच विषांत आणखी एक घटक शोधून काढला. हा घटक असतां ब्रॅडिकायनिनचें काम कितीतरी अधिक जोरानें होई व अधिक वेळ चाले. फेरेइरा हा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेंत गेले. व्हेन यांच्या मनांत रूपांतरक एन्झाइमाचा विचार घोळत होता, आणि त्यांच्याच येथें एक संशोधक कुत्र्याच्या फुप्फुसांतून काढलेल्या त्या एन्झाइमावर काम करीत होते. त्यांचें नांव वाय. एस. बखले, मराठी कानाला हें आडनांव ओळखीचें वाटल्यावांचून राहणार नाहीं. बखले यांनीं सापाच्या विषाचा तो घटक एन्झाइमांत घातला आणि एन्झाइमाचें काम थांबलें. १९६८ सालीं हें प्रसिद्ध झालें. लौकरच अर्विन अर्डोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ब्रॅडिकायनिन नष्ट करणारें एन्झाइम आणि अँजिओटेन्सिनास सबळ करणारें एन्झाइम हीं दोन नसून एकच आहे असें दाखवून दिलें.

एकाच कात्रीचीं हीं दोन कामें. एका बाजूस ती रक्तवाहिन्या आवळणारें द्रव्य घडविते, दुसऱ्या बाजूस त्या सैल करणारें द्रव्य कापून टाकते. कात्री बोथट केली तर रक्तदाब दोन्ही बाजूंनीं उतरणार, हें उघड आहे. परंतु त्याच क्षणीं ब्रॅडिकायनिनाची विल्हेवाटही मंदावणार. लाभ आणि त्रास हे दोन्ही एकाच घटनेच्या पोटीं जन्मले ते असे.

अमेरिकेंतील स्क्विब कंपनीच्या मिगेल ओंडेटी आणि डेव्हिड कुशमन यांनीं प्रथम विषांतील एक नऊ दुव्यांची सांखळी औषध म्हणून तयार केली. ती काम करी. पण ती टोचूनच द्यावी लागे. मग त्यांनीं एन्झाइमाच्या कापणाऱ्या खाचेंत नेमका बसेल असा लहानसा रेणू रचावयाचें ठरविलें. त्या खाचेंत जस्ताचा एक अणु असतो. त्यास घट्ट धरून ठेवणारा गंधकाचा आंकडा रेणूला लावतांच काम साधलें. १९७५ सालीं कॅप्टोप्रिल तयार झालें, १९७७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें व १९८१ सालीं अमेरिकेंत तें विकण्यास परवानगी मिळाली. पाठोपाठ एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल अशीं औषधें आलीं. नांवाच्या शेवटीं 'प्रिल' असलें कीं तें औषध या कुळांतलें, अशी खूणगांठ बांधण्यास हरकत नाहीं.

पहिलीं कांहीं वर्षें खोकल्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. १९८५ च्या सुमारास कॅप्टोप्रिल आणि खोकला यांचा संबंध वैद्यकीय नियतकालिकांत स्पष्टपणें मांडला जाऊं लागला. प्रथम वाटलें, शंभरांत एखाद्या-दुसऱ्याला हा त्रास होत असावा. परंतु रोग्यांना मुद्दाम विचारूं लागल्यावर हें प्रमाण शंभरांत पांचापासून विसांपर्यंत असल्याचें दिसलें. स्त्रियांत तो अधिक, आणि चीन व त्या बाजूच्या पूर्वेकडील लोकांत आणखी अधिक आढळतो. संबंध लक्षांत न येण्यास कारणही तसेंच होतें. खोकला पहिल्या गोळीनंतर कांहीं तासांत सुरू होतो तसा तो सहा महिन्यांनींही होऊं शकतो. चार महिने सुखानें घेतलेल्या गोळीवर संशय कोण घेणार?

१९८७ सालीं इंग्लंडांत एक साधी परीक्षा करण्यांत आली. मिरचीचा तिखटपणा ज्यांत असतो तें कॅप्सेसिन नांवाचें द्रव्य अतिसूक्ष्म प्रमाणांत हुंगावयास दिलें असतां कोणालाही खोकला येतो. 'प्रिल' घेऊन खोकणाऱ्या रोग्यांना तो नेहमींपेक्षां फारच थोड्या मात्रेनें आला. औषध थांबविल्यावर ही हळवेपणाची स्थिति ओसरली. म्हणजे फुप्फुसांत रोग नव्हता. श्वासनलिकेंतील मज्जातंतूंचीं टोकें मात्र चाळवलीं होतीं. ब्रॅडिकायनिन या टोकांना हळवें करतें असें पुढें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आलें. त्याच एन्झाइमानें कापली जाणारी 'सब्स्टन्स पी' नांवाची दुसरी एक सांखळीही त्यांत हातभार लावीत असावी. सर्वांचेंच एन्झाइम थांबत असतां खोकला थोड्यांनाच कां, याचा पूर्ण उलगडा शास्त्रास झालेला नाहीं. मात्र मात्रा कमी करून हा खोकला सहसा जात नाहीं, आणि एका 'प्रिल'ऐवजीं दुसरें 'प्रिल' देऊनही बहुधा जात नाहीं. दोष गोळीच्या एखाद्या घटकाचा नसून कात्री बोथट करण्याच्या त्या कृतीचाच आहे, हें एकदां समजलें कीं असे निष्फळ बदल करण्याचें कारण उरत नाहीं.

मग बदल कोणता करावा? त्याचेंही उत्तर याच साखळींतून निघालें. कात्रीला हात न लावतां, तिनें घडविलेल्या अँजिओटेन्सिनाला रक्तवाहिनीच्या दारांतच अडविलें तर? जपानांतील ताकेदा कंपनीच्या संयुगांवरून धागा घेऊन अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं लोसार्टन हें औषध तयार केलें. १९९५ सालीं तें बाजारांत आलें. त्यामागून वाल्सार्टन, कँडेसार्टन, टेल्मिसार्टन आलीं. ज्या कुलुपांत अँजिओटेन्सिनाची किल्ली बसते तें कुलूपच हीं औषधें बुजवितात. कात्री मोकळीच राहते आणि ब्रॅडिकायनिन नेहमींप्रमाणें कापीत राहते.

हा तर्क झाला. त्याची कसोटी १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें लागली. 'प्रिल'मुळें खोकला येतो असे १३५ रोगी निवडण्यांत आले. त्यांचे तीन गट करून एका गटास लिसिनोप्रिल, दुसऱ्यास लोसार्टन व तिसऱ्यास लघवी वाढविणारें साधें औषध देण्यांत आलें. कोणास काय दिलें तें रोग्याला व वैद्याला ठाऊक नव्हतें. लिसिनोप्रिल घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७२ जणांना खोकला आला, लोसार्टन घेणाऱ्यांपैकीं २९ जणांना, आणि लघवीचें औषध घेणाऱ्यांपैकीं ३४ जणांना. शेवटचा आंकडा फार बोलका आहे. ज्या औषधाचा खोकल्याशीं संबंधच नाहीं तें घेणाऱ्यांतही तिसरा हिस्सा लोक खोकले. लोसार्टन त्याहून वाईट ठरलें नाहीं. म्हणजे 'सार्टन' हें खोकल्याच्या बाबतींत निर्दोष, आणि जो थोडा खोकला उरला तो इतर कारणांचा.

प्रत्यक्षांत हा निर्णय कसा घ्यावा, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, छप्पन वर्षांच्या एका शिक्षकांचा रक्तदाब १६० वर १०० होता. त्यांना लिसिनोप्रिल दहा मिलिग्रॅम सुरू केलें आणि दाब १३४ वर ८४ झाला. सातव्या आठवड्यांत कोरडा खोकला लागला. वैद्यानें प्रथम विचारावयाचें तें हें: ताप, वजन घटणें, कफांतून रक्त, रात्रींचा घाम यांपैकीं कांहीं आहे काय? आपल्या देशांत दोन आठवडे टिकलेला खोकला क्षयाचा नाहीं अशी खात्री करून घेणें प्राप्तच आहे. गोळीवर आळ घेऊन क्षय नजरेआड होतां कामा नये. दुसरें असें, कीं चालतांना दम लागतो काय, पायांवर सूज आहे काय? हृदय दुर्बळ असेल तर फुप्फुसांत पाणी सांचूनही खोकला येतो. तेथें 'प्रिल' बंद करणें म्हणजे आजार वाढविणें होय. तिसरें, दमा, धूम्रपान किंवा घशाशीं येणारें आम्लपित्त.

या शिक्षकांना यांपैकीं कांहींच नाहीं आणि छातीचें चित्र स्वच्छ आहे. खोकला अगदीं सौम्य असता व त्यांची तक्रार नसती, तर औषध तसेंच चालू ठेवण्यासही हरकत नव्हती. परंतु त्यांना वर्गांत बोलतां येत नाहीं व रात्रीं झोंप नाहीं. तेव्हां लिसिनोप्रिल थांबवून दुसऱ्याच दिवसापासून लोसार्टन पन्नास मिलिग्रॅम सुरू करावें. मध्यें खंड ठेवण्याची आवश्यकता नाहीं. दहाव्या दिवशीं उबळ कमी होते, चवथ्या आठवड्यांत घसा मोकळा होतो. निदान पक्कें होतें तें याच वेळीं, त्याआधीं नव्हे. क्वचित् तीन महिनेही लागतात. त्यापुढेंही खोकला राहिला तर गोळी निर्दोष समजून दुसरें कारण शोधावें. औषध बदललें तरी मूत्रपिंडाची व रक्तांतील पोटॅशियमची तपासणी एक-दोन आठवड्यांनीं करावीच लागते. आणि गर्भवती स्त्रीस 'प्रिल' जसें वर्ज्य तसेंच 'सार्टन'ही वर्ज्य. खोकल्यापासून सुटका झाली म्हणून या धोक्यांपासून सुटका होत नाहीं.

आतां त्याच ब्रॅडिकायनिनाचें दुसरें आणि भयंकर रूप. खोकला त्रास देतो. पण सूज जीव घेऊं शकते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन त्वचेखालीं पाणी उतरतें तेव्हां ओंठ, जीभ, चेहरा एकाएकीं सुजतो. स्वरयंत्र सुजलें तर श्वास कोंडतो. यास अँजिओएडिमा म्हणतात. 'प्रिल' घेणाऱ्या हजारांत एक ते सात जणांस तो होतो. आफ्रिकन वंशाच्या लोकांत कित्येक पटींनीं अधिक. ओळखण्याची खूण ही, कीं या सुजेबरोबर अंगावर गांधी उठत नाहींत व खाज सुटत नाहीं. पुष्कळदां तो पहिल्या कांहीं आठवड्यांत होतो. पण पांच वर्षें बिनतक्रार गोळी घेतल्यावरही होऊं शकतो. एकदां ओंठ सुजून रात्रींत उतरला, गोळी चालूच राहिली, आणि पुढच्या खेपेस जीभ सुजली, अशी या आजाराची दगाबाज चाल आहे.

ही सूज हिस्टमिनची नसल्यामुळें गांधीवरचीं नेहमींचीं औषधें, स्टेरॉइड व अॅड्रिनलिन यांचा तिच्यावर फारसा भरंवसा धरतां येत नाहीं. तीं दिलीं जातात. पण त्यांची वाट पाहत बसून चालत नाहीं. जीभ सुजली, आवाज बदलला, लाळ गिळतां येईना, कीं श्वासमार्ग राखण्याची तयारी असलेल्या रुग्णालयांत तत्काळ नेणें हाच खरा उपाय. ब्रॅडिकायनिनाचें दार रोखणारें इकॅटिबंट हें औषध २०१५ सालच्या २७ रोग्यांच्या प्रयोगांत चांगलें गुणकारी ठरलें. परंतु दोन वर्षांनीं १२१ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत त्याचा लाभ दिसला नाहीं.

ब्रॅडिकायनिनच यास कारण आहे याचा कठोर पुरावा एका फसलेल्या औषधानें दिला. कात्री बोथट झाली तरी ब्रॅडिकायनिन कापणारीं दुसरीं एन्झाइमें शरीरांत असतात. नेप्रिलायसिन हें त्यांतलें एक. ओमापॅट्रिलॅट या औषधानें दोन्ही एन्झाइमें एकदम थांबविलीं. रक्तदाब छान उतरला. पण पंचवीस हजारांहून अधिक रोग्यांच्या प्रयोगांत एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ०.६८ जणांना सूज आली, तर ओमापॅट्रिलॅट घेणाऱ्यांपैकीं २.१७ जणांना. तें औषध वापरांत आलेंच नाहीं. आज हृदयाच्या दुर्बळतेवर सॅक्युबिट्रिल हें नेप्रिलायसिन रोखणारें औषध दिलें जातें तें वाल्सार्टनच्या जोडीनें, 'प्रिल'च्या जोडीनें कधींच नव्हे. आणि 'प्रिल'ची शेवटची गोळी घेऊन छत्तीस तास लोटल्यावांचून तें सुरू करीत नाहींत, तें याच अनुभवामुळें.

सूज आलेल्या रोग्यास 'सार्टन' द्यावें काय? येथें खोकल्याइतकें सरळ उत्तर नाहीं. रक्तदाब एवढेंच कारण असेल तर अम्लोडिपिनसारखें निराळ्याच कुळांतील औषध निवडणें शहाणपणाचें. परंतु हृदय दुर्बळ असेल किंवा मूत्रपिंडांतून प्रथिनें जात असतील, तर 'सार्टन'चा लाभ सोडून देणें परवडत नाहीं. २००३ सालच्या एका मोठ्या प्रयोगांत 'प्रिल' न सोसणाऱ्या हृदयरोग्यांना कँडेसार्टन देण्यांत आलें. पूर्वीं 'प्रिल'मुळें सूज आलेले ३९ जण त्यांत होते. त्यांपैकीं तिघांना पुन्हा सूज आली व एकालाच औषध सोडावें लागलें. म्हणजे धोका थोडा, पण शून्य नव्हे. म्हणून सूज गेल्यावर सहसा चार-सहा आठवडे थांबून, रोग्यास लक्षणें नीट समजावून देऊन, 'सार्टन' सुरू करतात. थांबण्याचें आणखी एक कारण आहे: 'प्रिल' बंद केल्यावरही पहिल्या महिन्यांत सूज पुन्हा उद्भवूं शकते, आणि तेव्हां दोष नव्या गोळीच्या माथीं चुकून मारला जातो.

एक गोष्ट मात्र कोठल्याही परिस्थितींत करतां येत नाहीं. खोकला आलेल्या रोग्यास 'प्रिल' पुन्हा देऊन पाहिलें तर फार झालें तर पुन्हा खोकला येईल. सूज आलेल्या रोग्यास तें जन्मांत पुन्हा देतां कामा नये, आणि त्या कुळांतील दुसरेंही नव्हे. दवाखाना बदलतो, वैद्य बदलतो, चिठ्ठी नव्यानें लिहिली जाते आणि जुनें नांव निराळ्या शिक्क्याखालीं परत येतें. म्हणून ज्याचा ओंठ एकदां सुजला त्यानें 'प्रिल' हीं अक्षरें आपल्या कागदांवर सर्वांत वर लिहून ठेवावीं आणि घरच्या माणसांसही सांगून ठेवावीं.